क्लिक पंधराशे, ऑर्डरी सहा

पुण्यातल्या एका फराळवाल्याचा हिशेब समोर ठेवून बोलू. दुकान कल्पनेतलं आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बेतलेले आहेत. पण दिवाळीच्या आधीच्या महिन्यात छोट्या जाहिरात एजन्सीत जाऊन बसलं, तर असा हिशेब घेऊन आलेलं कुणी ना कुणी भेटतंच. दुकानदाराने गूगलवर जाहिरात दिली : ‘दिवाळी फराळ परदेशात घरपोच. अमेरिका, लंडन, दुबई. ६५० रुपये किलोपासून.’ दोन आठवड्यांत १८,००० रुपये खर्च झाले. जाहिरातीवर १,५०० जणांनी क्लिक केलं, म्हणजे एका क्लिकला १२ रुपये पडले. ऑर्डरी आल्या सहा. त्यातल्या चार परदेशाच्या, दोन पुण्यातल्याच.

परदेशाच्या एका ऑर्डरीवर माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता दुकानदाराच्या हाती साधारण १,२०० रुपये उरतात. पुण्यातल्या ऑर्डरीवर दीडशे. सगळं मिळून ५,१०० रुपये आले आणि जाहिरातीत १८,००० गेले. क्लिकला १२ रुपये आणि ऑर्डरीला १,२०० रुपये या दोन आकड्यांवरूनच कळतं, की शंभर क्लिकमागे परदेशाची एक तरी ऑर्डर आली, तर जाहिरात स्वतःचा खर्च भागवेल. कन्व्हर्जन म्हणतात ते हेच : आलेल्यांपैकी किती जणांनी आपल्याला हवं ते काम केलं. ते काम म्हणजे कुठे ऑर्डर, कुठे फोन, कुठे भरलेला फॉर्म. अनेक दुकानदार हा किमान आकडा मांडतच नाहीत. मग ‘कन्व्हर्जन कमी आहे’ ही तक्रार नुसती हुरहूर राहते. कशाच्या मानाने कमी, हे कुणालाच सांगता येत नाही.

गंमत अशी, की जाहिरातीच्या डॅशबोर्डवर ही मोहीम छान दिसते. जाहिरात दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ती उघडली, क्लिक स्वस्तात मिळाला, आलेख वर चढतोय. कारण मोहीम सुरू करताना गूगलला सांगितलं होतं, की या बजेटमध्ये जास्तीत जास्त क्लिक मिळवून दे. `Maximize clicks` असा पर्यायच तिथे असतो. यंत्रणेने सांगितलेलं काम चोख केलं. स्वस्त क्लिक देणारी माणसं शोधली, आणि ती बहुधा विकत घेणारी नसतात. विकत घेणाऱ्यांच्या मागे इतर जाहिरातदारही असतात, म्हणून त्यांचा क्लिक महाग पडतो.

आणखी एक कारण माणसांच्या कामाच्या वाटणीत आहे. जाहिरात लिहितो एजन्सीतला मुलगा; त्याचं काम क्लिकवर जोखलं जातं. वेबसाइट तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी तरी बनवलेली असते. कुरिअरचा दर दुकानदाराच्या भावाला ठाऊक असतो. जाहिरात आणि तिच्यावर क्लिक केल्यावर उघडणारं पान, म्हणजे लँडिंग पेज, ही दोन्ही एकापाठोपाठ एकाच बैठकीत बघणारा माणूस फक्त ग्राहक. जाहिरात लिहिणारा शब्द जितके मोहक करत जाईल, तितके क्लिक वाढतात आणि तितकंच पानावर आल्यावर निराश होणं वाढतं. म्हणून भरपूर क्लिक आणि मोजक्या ऑर्डरी यांत मला फारसा विरोधाभास दिसत नाही. पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच असतं : जाहिरातीने पानापेक्षा जास्त कबूल केलेलं असतं.

पण पानाला दोष देण्याआधी मोजमाप नीट आहे का, ते बघायला हवं. आपल्याकडे ही पायरी हमखास राहते. पानावर व्हॉट्सॅपचं हिरवं बटण असतं. ग्राहक ते दाबतो, ‘भाऊ, न्यू जर्सीला किती पडेल?’ विचारतो आणि ऑर्डर तिथेच ठरते. वेबसाइटच्या हिशेबात ती येत नाही. तेव्हा आधी स्वतः एक ऑर्डर टाकून ती रिपोर्टमध्ये उमटते का ते पाहावं, आणि काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक परदेशी ग्राहकाला ‘तुम्हाला आमचं कुठे कळलं?’ एवढं विचारायला सांगावं. दुसरं, क्लिक म्हणजे पानावर पोचणं नव्हे. क्लिक जाहिरातवाल्याकडे मोजला जातो. पान उघडायला वेळ लागला आणि माणूस मागे फिरला, तर आपल्या वेबसाइटच्या मोजणीत तो येतच नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींत तर ‘लिंकवरचे क्लिक’ आणि ‘उघडलेली पानं’ असे दोन वेगळे आकडेच दाखवतात. दोन्हींत थोडा फरक असायचाच. फरक मोठा असेल, तर पान जड आहे किंवा बोट चुकून पडलेले क्लिक बरेच आहेत, असं समजावं.

आपल्या फराळवाल्याची मोजणी ठीक निघाली असं धरू. मग पुढचा रिपोर्ट उघडायचा : `Search terms`. जाहिरात देताना आपण काही शब्द निवडतो, पण लोकांनी गूगलवर नेमकं काय लिहिलं ते या यादीत दिसतं, आणि निवडलेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांत बरंच अंतर असू शकतं. दुकानदाराने ‘diwali faral’ हा शब्द सैल जुळणीवर ठेवला होता, म्हणजे अर्थाने जवळ वाटणाऱ्या शोधांनाही जाहिरात दाखवायची मुभा दिली होती. १,५०० क्लिकची यादी वाचली तेव्हा चार घोळके दिसले. ५२० जणांना तयार फराळ परदेशात पाठवायचा होता. ४३० जणांना पुण्यातच घरी फराळ मागवायचा होता. ३४० जण परदेशी कुरिअरचा किलोचा दर शोधत होते. उरलेल्या २१० जणांना चकली का मऊ पडते, भाजणीत काय घालायचं, अशी कृती हवी होती.

तिसरा घोळका जरा नीट बघण्यासारखा आहे. ही माणसं परदेशात फराळ पाठवायलाच निघालेली आहेत, तेव्हा वरवर ती आपलीच वाटतात. पण यांच्या डब्यात आईने केलेला फराळ तयार आहे. त्यांना फक्त तो नेऊन पोचवणारा हवाय. ‘फराळ परदेशात घरपोच’ या ओळीचा अर्थ त्यांनी तसाच घेतला, आणि तसा घेण्यात त्यांचं काही चुकलं नाही. ओळ दोन्हीकडे लागू पडते. क्लिक करून ते पानावर आले, तिथे अनारशांचा भाव दिसला आणि परत गेले. या ३४० क्लिकचे ४,०८० रुपये गेले. हे लोक हवे असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी सेवा आणि वेगळं पान लागेल. नको असतील, तर ‘courier charges’, ‘per kg rate’ असे शब्द वर्ज्य यादीत टाकावे लागतील आणि जाहिरातीत ‘आमच्याकडे बनवलेला’ एवढं घालावं लागेल. ‘recipe’ आणि ‘कृती’ हे शब्द तर पहिल्याच दिवशी वर्ज्य करायला हवे होते.

इथे बरेच सल्लागार थांबतात. चुकीचे शब्द काढले, पैसे वाचले, काम झालं. आपण मात्र उरलेला हिशेब करून बघू. कृती आणि कुरिअरवाले ५५० क्लिक गेले, म्हणजे ६,६०० रुपये वाचले. पुण्यातले ग्राहकही बाजूला काढू. दीडशे रुपयांसाठी १२ रुपयांचे क्लिक ४३० वेळा घेणं परवडणारं नाही. उरले अगदी नेमके, तयार फराळ परदेशात पाठवू इच्छिणारे ५२० क्लिक. त्यांचा खर्च ६,२४० रुपये आणि त्यांच्याकडून आलेल्या चार ऑर्डरींचं उत्पन्न ४,८००. योग्य माणसं आली तरी तोटाच. म्हणजे आता गोष्ट खरोखर पानापाशी आली.

या ५२० पैकी ४५५ जण पानावर पोचल्याची नोंद आहे. त्यातले ३०० पहिल्याच पडद्यावरून परत गेले. १५५ जणांनी एखादा तरी पदार्थ उघडून पाहिला, ७० जणांनी कार्टमध्ये टाकला, ६१ जण पत्ता भरायला गेले. तिथे कुरिअरचा खर्च दिसला आणि पुढे गेले सात. पैसे भरले चौघांनी. या उतरंडीत दोन मोठ्या घळी आहेत, एक अगदी सुरुवातीला आणि एक अगदी शेवटाकडे, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. माणूस कुठे गळाला यावरून विसंगतीची जात ओळखता येते. दारातून परतला, तर बहुधा पान त्याला आपलं वाटलंच नाही. पैसे भरायच्या जागेवरून परतला, तर पान आपलं वाटलं, पण अट किंवा किंमत निराळी निघाली.

पहिली घळ आधी. जाहिरात ग्राहकाला कुठे नेत होती? दुकानाच्या मुखपृष्ठावर. मोबाइलवर ते उघडलं, की वर सरकती चित्रं : पहिलं उकडीच्या मोदकांचं, गणपतीनंतर काढायचं राहून गेलेलं, दुसरं ‘पुण्यात ५०० रुपयांवर डिलिव्हरी मोफत’, तिसरं दुकानाच्या नव्या शाखेचं. त्यावर ‘सूचना मिळवायच्या का?’ विचारणारी चौकट. परदेश हा शब्द पान चार वेळा सरकवल्यावर, तळाशी, बारीक अक्षरांत. आता बेळगावातल्या त्या बाईंचा विचार करा, ज्यांचा मुलगा लंडनला आहे. त्यांनी ‘लंडनला घरपोच’ वाचून बोट ठेवलं आणि समोर आलं पुण्यातल्या मोफत डिलिव्हरीचं चित्र. त्या वाचत बसत नाहीत, तपासत नाहीत. ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून मागे जातात आणि यादीतली पुढची जाहिरात उघडतात.

माणसं असं का वागतात, यावर कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात काम केलं. प्राणी चरताना कुठे थांबायचं आणि कधी पुढे सरकायचं हे कसं ठरवतात, याचे जीवशास्त्रातले सिद्धांत त्यांनी माणसाच्या माहिती शोधण्याला लावून पाहिले. माहिती शोधणारा माणूसही शिकारी प्राण्यासारखा वासावर चालतो, असं त्यांचं म्हणणं. दुव्यातले शब्द, चित्र, आकडा यांतून ‘हवं ते पुढे आहे’ असा वास येत राहिला, तर तो कष्ट घेऊन पुढे जातो. वास तुटला, की जागा बदलतो. जाहिरातीतला ‘लंडन’ हा शब्द हा वास होता. पानावर तो पहिल्याच पडद्यात पुन्हा दिसायला हवा होता. नुसता ‘परदेश’ही कदाचित पुरला नसता. ज्या शब्दावर बोट पडलं तोच शब्द पुढे भेटला, तर माणसाला वाट बरोबर असल्याची खात्री पटते. डोकं न वापरता, क्षणात.

म्हणून मोठमोठी साधनं घेण्याआधी मी एक साधा उद्योग करायला सांगते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि लँडिंग पेजच्या पहिल्या पडद्याचा स्क्रीनशॉट, दोन्ही मोबाइलवरच काढलेले, शेजारी शेजारी ठेवा. जाहिरातीत जे जे ठोस आहे, वस्तू, ठिकाण, भाव, मुदत, ते पेन्सिलीने पानावर शोधा. सापडलं नाही, तर तिथे गळती आहे असं धरा. संगणकावर हे करू नये. तिथे पान रुंद असतं, सगळं एका नजरेत दिसतं आणि वाटतं, अरे, आहे की सगळं. दुकानदार हमखास संगणकावर बघतो आणि ग्राहक हमखास फोनवर.

वेगाचीही एक गोष्ट याच घळीत येते. गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. फराळवाल्याची सरकती चित्रं कॅमेऱ्यातून काढून जशीच्या तशी चढवलेली असतात, एकेक काही एमबीची. मात्र एक ध्यानात ठेवावं : वेग वाढवल्याने विसंगत पान सुसंगत होत नाही. ते फक्त लवकर उघडतं.

आता दुसरी घळ, जिथे ६१ जणांचे सात झाले. मला ही जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथवर आलेला माणूस घ्यायला तयार होता. त्याने चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, करंज्या, शंकरपाळे असा पाच किलो माल ६५० च्या भावाने टोपलीत टाकला. बेरीज ३,२५० रुपये. पत्ता भरला, आणि पडद्यावर आलं : कुरिअर ४,५०० रुपये, एकूण ७,७५०. किलोला १,५५० रुपये. जाहिरातीत ६५० ‘पासून’ होतं, हे खरं. पण ‘पासून’ या शब्दाआड इतकं मोठं अंतर लपवलं, की ग्राहकाला ते लपवणंच दिसतं.

दुकानदार म्हणेल, कुरिअरचा खर्च आधी सांगणार कसा? प्रत्येकाचा डबा वेगळा. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि इथेच या विषयाचा गाभा आहे. आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन काढायची नेहमीची रीत अशी : लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचा गुणाकार होतो ३६,०००, भागाकार ७.२. हे पुढच्या अर्ध्या किलोला पूर्ण करून साडेसात किलो धरलं जातं. आत माल पाच किलोच आहे, पण चिवडा आणि चकली जागा खातात आणि चकली मोडू नये म्हणून भोवती भर घालावी लागते. किलोला ६०० रुपये दर धरला, तर साडेसात किलोचे ४,५०० झाले. ग्राहकाने लाडू जास्त घेतले, तर खोकं लहान होतं. चिवडा जास्त घेतला, तर मोठं. ग्राहकाने निवड केल्याशिवाय खर्च कळत नाही, म्हणून तो शेवटी दिसतो.

तर पानावरची ही विसंगती पान लिहिणाऱ्याच्या हातात नव्हतीच. ‘सुटा फराळ, हवा तेवढा, परदेशात’ हा विकण्याचा प्रकारच असा आहे, की त्याचा भाव आधी सांगता येत नाही. उपाय मजकुरात नसून खोक्यात आहे. दुकानदाराने तीन ठरावीक पेट्या कराव्यात, समजा तीन, पाच आणि आठ किलोच्या. आत काय आणि किती हे ठरलेलं. खोक्याचं माप ठरलेलं. मग प्रत्येक देशाचा पेटीचा भाव कुरिअर धरून आधीच काढता येतो आणि जाहिरातीतही छापता येतो : ‘५ किलो फराळ पेटी, लंडनला घरपोच, एकूण ७,७५० रुपये.’ (लंडनचा आणि न्यू जर्सीचा दर सारखा नसतो, हिशेबापुरता एकच धरला आहे.) चिवडा कमी आणि लाडू जास्त अशी पेटी बांधली, तर तेवढ्याच पैशांत वजनही जास्त जातं. मी पाहिलेल्या चांगल्या लँडिंग पेजपैकी बरीचशी अशीच, आधी धंद्यात एखादी गोष्ट ठरवून घेतल्यामुळे चांगली झालेली आहेत.

याच घळीत एक अदृश्य दगडही आहे. पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिनकोडचा रकाना सहा अंकांशिवाय पुढे जाऊ देत नाही, कारण वेबसाइट भारतातल्या ग्राहकांसाठी बनवली होती. अमेरिकेचा झिपकोड पाच अंकी असतो; लंडनच्या कोडमध्ये अक्षरं आणि अंक मिसळलेले असतात. मुलाचा पत्ता भरणारी आई इथे अडकते आणि आपलंच काही चुकतंय असं समजून सोडून देते. दुसरीकडे न्यू जर्सीतला मुलगा स्वतःच मागवत असेल, तर त्याचं अमेरिकेतलं कार्ड भारतीय पेमेंट गेटवेवर चालेलच असं नाही. परदेशी कार्डांची सोय दुकानदाराला वेगळी सुरू करून घ्यावी लागते. या दोन्ही गोष्टी पुण्यात बसून, पुण्याचा पत्ता घालून तपासल्या तर कधीच सापडणार नाहीत. परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाला फोन करून ‘तुझ्या पत्त्यावर, तुझ्या कार्डाने एक पेटी मागवून दाखव’ म्हणावं आणि तो कुठे अडखळतो ते ऐकावं. दहा मिनिटांत कळतं.

जाहिरात कुणाला दिसते हेही इथे जोडून बघावं लागतं. गूगलच्या ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळचा पर्याय `Presence or interest` असा असतो. त्यात त्या ठिकाणी असलेलेच नव्हे, तर त्या ठिकाणाबद्दल उत्सुकता दाखवलेले लोकही येतात. पुणे निवडलं, तरी पुण्याबद्दल काही शोधणारा बाहेरचा माणूस त्यात येऊ शकतो. आपल्या दुकानदाराला पाठवणारे आईवडीलही हवेत आणि मागवणारी मुलंही. पण त्यांना एकाच पानावर आणलं, तर कुणाचा तरी वास तुटणारच. आईला हवं असतं ‘मुलाला पाठवा’ आणि रुपयांतला भाव. मुलाला हवं असतं ‘तुमच्या दारात कधी पोचेल’. जाहिराती दोन, पानं दोन, हे इथे चैन नाही.

भाव जाहिरातीतच छापला तर काय होईल? क्लिक घटतील. ७,७५० वाचून पुष्कळ जण तिथेच थांबतील, आणि त्या न आलेल्या क्लिकचे पैसे लागत नाहीत. मात्र याची एक किंमत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा सल्ला अपुरा राहतो. गूगल प्रत्येक शब्दाला १ ते १० असा गुणवत्तेचा अंक देतं, त्याला `Quality Score` म्हणतात. त्यात तीन गोष्टी धरतात : क्लिक मिळण्याची अपेक्षा, शोधाशी जाहिरातीचं नातं आणि लँडिंग पेजचा अनुभव. क्लिकचं प्रमाण घसरलं, तर पहिली बाजू दुबळी होते आणि क्लिक महाग पडू शकतो. पान सुधारल्याने तिसरी बाजू थोडी सावरते, पण पूर्ण भरपाई होईलच असं नाही. क्लिक १२ वरून १८ रुपयांवर गेला, तर आता शंभरामागे एक नव्हे, दीड ऑर्डर लागेल. हा नवा किमान आकडा आधीच मांडून ठेवावा, नाहीतर आठवड्याभरात क्लिक कमी दिसले, की घाबरून कुणीतरी जुनी मोहक ओळ परत लावतो. तसंच, हा गुणवत्तेचा अंक चांगला आला म्हणजे पान विकतं असंही नाही. दहापैकी आठ मिळवलेल्या पानावरही पिनकोडचा रकाना सहाच अंक मागत असू शकतो.

बदल केल्यावर सुधारणा झाली की नाही, हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नसतं. आपल्या नेमक्या गटात ५२० क्लिकना चार ऑर्डरी आल्या. नव्या पानावर तेवढ्याच क्लिकना सहा आल्या, तर दुकानदार पेढे वाटेल. तोटा संपला म्हणेल. पण चार आणि सहा यांतला फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पुढच्या आठवड्यात तेच पान तीन ऑर्डरी देऊ शकतं. संख्याशास्त्रातला एक ढोबळ नियम इथे कामाचा आहे : ३०० क्लिकमध्ये एकही ऑर्डर आली नाही, तरी खरं प्रमाण शंभरात एकपर्यंत असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. म्हणजे पहिल्या ६० क्लिकवर ‘पान फेल गेलं’ म्हणणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय. फराळाचा हंगाम चार-पाच आठवड्यांचा. तेवढ्यात ऑर्डरींच्या आकड्यावरून दोन पानांतलं बरं कुठलं, हे छोट्या दुकानाला सिद्ध करता येणं कठीण.

त्यावर तोड आहे. ऑर्डरी मोजक्या असल्या, तरी त्याआधीच्या पायऱ्यांवर माणसं भरपूर असतात. वेबसाइटच्या मोजणीत `add_to_cart`, `begin_checkout`, `purchase` अशा नावांनी प्रत्येक पायरी नोंदवता येते. पहिल्या पडद्यावरून परतणारे ४५५ पैकी ३०० होते. नव्या पानावर तेवढ्याच लोकांपैकी २०० झाले, तर तो योगायोग नव्हे. पत्ता भरायला आलेल्या ६१ पैकी सात पुढे गेले होते. आता ३० आले आणि १५ पुढे गेले, तर किंमत आधी सांगण्याचा उपयोग झाला. पत्त्यापर्यंत येणारे निम्म्यावर आले, याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही; गेलेले बहुतेक जण पूर्वीही तिथूनच परत जात होते.

घाईने निकाल लावू नये, याला आणखी एक कारण आहे. गूगलच्या रिपोर्टमध्ये ऑर्डर ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या खात्यात जमा होते, ऑर्डर आली त्या दिवसाच्या नव्हे, आणि क्लिकनंतर ३० दिवसांपर्यंतची ऑर्डर नेहमीच्या सेटिंगनुसार धरली जाते. परदेशात पेटी पाठवायची, तर माणूस आज भाव बघतो, रात्री मुलाशी बोलतो, ‘बेसनाचे नकोत, रव्याचे पाठव’ असं ठरतं आणि परवा ऑर्डर पडते. म्हणून शेवटच्या तीन-चार दिवसांचे आकडे नेहमीच पडलेले दिसतात, आणि सोमवारी ते बघून मोहीम बंद करणारा माणूस बुधवारी येणाऱ्या ऑर्डरींचं श्रेय भलत्याच कशाला तरी देतो.

हे सगळं जुळलं, तरी एक विसंगती दरवर्षी नव्याने तयार होते, ती काळाची. गेल्या वर्षीची जाहिरात जशीच्या तशी चालू करण्याचा मोह मोठा असतो. २०२५ साली ते अमेरिकेच्या बाबतीत चांगलंच महागात पडू शकत होतं. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तिथे असलेली आयातशुल्काची सूट २९ ऑगस्टपासून बंद झाली आणि भारतीय टपाल खात्याने त्याच्या आसपास अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं काही आठवडे घेणंच थांबवलं होतं. ‘आणखी काही खर्च नाही’ ही आदल्या वर्षी खरी असलेली ओळ त्या हंगामात तशीच छापणं म्हणजे शुल्काचा वाद ओढवून घेणं.

आणि मग येते शेवटची तारीख. पेटी दिवाळीआधी पोचायची, तर ती अमुक दिवसापर्यंत पुण्यातून निघालीच पाहिजे, हे कुरिअरवाला सांगतो. ती तारीख देशागणिक वेगळी असते. दुबईची पेटी उशिरा निघाली तरी चालते, अमेरिकेची नाही. दुकानदार ती तारीख पानावर टाकतो, पण जाहिरातीतून ‘अमेरिका’ काढायला विसरतो. बजेट शिल्लक असतं, जाहिरात चालूच राहते, आणि दिवाळीच्या आधीच्या त्या दिवसांत ‘अमेरिकेला घरपोच’वर सगळ्यात जास्त क्लिक पडतात, कारण उशीर झालेली माणसं घाईने सगळ्या जाहिराती उघडून बघतात. पानावर मात्र लिहिलेलं असतं, ‘अमेरिकेच्या ऑर्डरी बंद’. मोहीम तयार करतानाच प्रत्येक देशाची वेगळी मोहीम करून तिला त्या देशाची शेवटची तारीख घालून ठेवता येते. ती तारीख उलटली, की जाहिरात आपोआप थांबते.